सोन्याचा भाव कोणत्या दिवसाचा, आणि वावराचा कोणता?

प्रश्न : बाबा 12 जून 2022 ला गेले. आई त्याआधीच गेली होती. तेरवी झाल्यावर आम्ही तिघं भावंडं बसलो आणि तोंडी ठरलं : चार एकर वावर माझ्याकडे (दोन एकर विहिरीखालची काळी, दोन एकर बरड), आईचं अठरा तोळे सोनं बहिणीकडे, बाबांचे शेअर लहान भावाकडे. जे कमी-जास्त होईल ते पैशात भरून द्यायचं. तेव्हापासून ज्याचं त्याच्याकडे आहे, हिशेब मात्र राहूनच गेला. सातबारावर तिघांची नावं आहेत. आता सोनं दुपटीच्या वर गेलं. मी म्हणतो आजचा भाव लावा, बहीण म्हणते बाबा गेले त्या दिवसाचा. वावराला रेडीरेकनरचा सरकारी दर लावावा असं माझं मत आहे. खरं कोणाचं, आणि तो जुना भाव काढायचा कसा?
— एक शेतकरी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर :

भाऊ, तारखेच्या बाबतीत तुमच्या बहिणीचं बरोबर आहे. पण तुमच्या हिशेबात सगळ्यात मोठा फरक तारखेमुळे पडत नाही, वावराच्या दरामुळे पडतो. ते पुढे आकड्यांत दाखवतो.

आधी तारीख. वारसाहक्क मृत्यूच्या दिवशी उघडतो आणि कोणाचा किती हिस्सा हे त्या क्षणी ठरतं. 1956 चा हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू असेल आणि बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तुम्हा तिघांचा एक-तृतीयांश. बहीण लग्न होऊन गेली म्हणून त्यात काही कमी होत नाही. आईचं सोनं खरं तर स्त्रीधन. आई गेली तेव्हा त्यात बाबांचा आणि तुम्हा तिघांचा सारखा हिस्सा झाला, आणि बाबांचा हिस्सा पुन्हा तुम्हा तिघांतच आला. म्हणून शेवटी तेही तीन सारख्या भागांतच येतं. बहिणीला तिच्या लग्नात घातलेलं सोनं यात धरू नका, ते तिचं स्वतःचं.

पण हिस्सा मृत्यूच्या दिवशी ठरला म्हणून भावही त्याच दिवसाचा लावायचा, असं आपोआप होत नाही. मालमत्ता सामाईक राहिली असती, म्हणजे सोनं कपाटात तसंच, वावर तिघांच्या नावाने वाहिलेलं आणि उत्पन्न वाटून घेतलेलं, तर प्रत्येक दागिन्यात आणि प्रत्येक गुंठ्यात तिघंही भागीदार राहिले असते. वाढ तिघांची, घटही तिघांची. मग प्रत्यक्ष वाटणीच्या दिवसाचा भाव तिन्ही गोष्टींना लावणं न्यायाचं झालं असतं. कोर्टात सामाईक मालमत्तेची वाटणी होते तेव्हाही साधारण वाटणीच्या वेळची किंमतच बघितली जाते.

तुमचं तसं नाही. तुम्ही तेरवीनंतर वस्तू वाटून घेतल्या आणि ताबे दिले. तेव्हापासून वावराचा कापूस-सोयाबीन तुमच्या घरात आला, खत-फवारणीचा खर्चही तुम्हीच केला. शेअरचा लाभांश भावाने घेतला. मग सोन्याची वाढही बहिणीचीच. सोनं निम्म्यावर आलं असतं तर तुम्ही तिला भरपाई दिली असती का, आणि उद्या वावर रस्त्यात जाऊन चौपट मोबदला मिळाला असता तर तिच्याशी वाटून घेतला असता का, एवढं स्वतःला विचारा. दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर आजचा भाव फक्त सोन्याला लावता येत नाही. तोंडी कौटुंबिक वाटणी कायद्यात चालते, पण ती झाली होती हे तिघांनीही मान्य करायला हवं. उद्या एकाने नाकारली तर सातबारावरची तीन नावं बघून सगळं सामाईकच आहे असा दावा उभा राहतो.

बारा जून घ्यायचा की तेरवीचा दिवस, हाही प्रश्न निघेल. मी बारा जून घ्या म्हणेन, कारण मृत्यूच्या दाखल्यावर ती तारीख छापलेली आहे आणि सोयीचा दिवस निवडल्याचा आरोप कोणी करू शकत नाही. त्या पंधरवड्यात शेअर बाजार बराच घसरला होता, त्यामुळे तेरवीचा दिवस धरला तर लहान भावाच्या वाट्याची किंमत उगाच कमी दिसेल. मात्र बारा जूनला रविवार होता. त्या दिवशी शेअर बाजार बंद, सोन्याचाही दर निघत नाही. अशा वेळी आधीचा शेवटचा व्यवहाराचा दिवस धरतात, म्हणजे शुक्रवार 10 जून 2022. सोनं आणि शेअर दोन्हीला तोच दिवस लावा.

आता सोनं. "अठरा तोळे" हा आकडा विसरा आणि ग्रॅमवर या. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता, आजचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. आईने जुन्या मापाने सांगितलं असेल तर 210 ग्रॅमच्या जवळ, नव्या मापाने 180. मधले तीस ग्रॅम म्हणजे 2022 च्या भावानेही दीड लाखाच्या आसपासचा प्रश्न. म्हणून तिघांनी मिळून, ज्याला सोनं विकायचं नाही अशा सराफाकडे जाऊन वजन करून घ्या. बोरमाळेच्या मण्यांत आणि वज्रटीकेत लाख भरलेली असते, पोतीत काळे मणी असतात, काही नगांना खडे असतात. ते सगळं वजा जाऊन निव्वळ सोन्याचं वजन किती, ते कागदावर लिहून घ्या.

मग शुद्धता. जुन्या घडणीच्या दागिन्यांवर हॉलमार्क नसतो आणि सगळे बावीस कॅरेटचे असतातच असं नाही. सराफाकडच्या मशीनवर टक्के कळतात, पण ते मशीन फक्त वरचा थर वाचतं. म्हणून जाड पाटली किंवा गोठ असेल तर दोन-चार ठिकाणी, डाग दिलेल्या सांध्याजवळही तपासायला सांगा. आकडे वेगवेगळे आले तर कसोटीवर घासून पाहा. घडणावळ धरू नका. ती आईने दिली तेव्हाच गेली, मोडीत कोणी परत देत नाही.

दरासाठी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्या दिवसाचा 999 शुद्धतेचा दर घ्या. त्यात जीएसटी आणि मजुरी नसते. दुकानातल्या पाटीवरच्या विक्रीच्या भावात दुकानदाराची सोय मिसळलेली असते. त्या काळात चोवीस कॅरेटचा दर दहा ग्रॅमला 51 हजारांच्या आसपास होता. हिशेबासाठी ग्रॅमला 5,100 धरू. समजा तुमच्या सोन्याचं वजन 186 ग्रॅम भरलं, लाख-मणी-खडे 14 ग्रॅम गेले, उरलं 172. त्यातलं 110 ग्रॅम 91.6 टक्क्यांचं, म्हणजे शुद्ध 100.76 ग्रॅम. बाकीचं 62 ग्रॅम जुनं, मशीनवर 80 टक्के निघालं, म्हणजे शुद्ध 49.6 ग्रॅम. एकूण शुद्ध सोनं 150.36 ग्रॅम, किंमत 7 लाख 67 हजार. हेच नुसतं "अठरा तोळे, 180 ग्रॅम, सगळं बावीस कॅरेट" धरलं असतं, तर 8 लाख 41 हजार झालं असतं. बहिणीच्या नावावर पाऊण लाख विनाकारण जास्त लागले असते.

शेअरचा भाव काढणं सोपं वाटतं, पण फसगत तिथेच होते. बाबांकडे टाटा स्टीलचे 200 शेअर होते असं धरून चालू. आज भावाच्या डिमॅटमध्ये ते 2,000 दिसतील, कारण जुलै 2022 च्या अखेरीस दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर झाले. मोबाइलवरचा आलेख जुने भावही या विभागणीनुसार दहाने भागून दाखवतो. म्हणून जून 2022 चा भाव तिथे शंभराच्या आसपास दिसेल, प्रत्यक्षात त्या दिवशी तो हजाराच्या आसपास होता. कोणी 200 शेअरला आलेखावरचे शंभर लावले तर किंमत वीस हजार येते. कोणी 2,000 शेअरला त्या दिवसाचे हजार लावले तर वीस लाख! खरी किंमत दोन लाख. म्हणून शेअरची संख्या त्या तारखेच्या डिमॅट विवरणातून घ्या आणि भाव एनएसईच्या त्या दिवसाच्या भावपत्रकातला, म्हणजे भावकॉपीतला बंद भाव घ्या. बाकीच्या कंपन्यांनीही नंतर बोनस दिला किंवा विभागणी केली का, ते एकेक तपासा.

याच कंपनीने त्या वर्षी शेअरमागे 51 रुपये लाभांश दिला होता. तो 15 जूनपासून भावातून वेगळा झाला, म्हणजे 10 जूनच्या भावात तो धरलेलाच होता. 200 शेअरचे 10,200 रुपये (कर कापला असेल तर थोडे कमी) बाबांच्या खात्यात नंतर जमा झाले असतील. ते शेअरसोबत भावाकडेच जाऊ द्या. पुन्हा वेगळे धरले तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. पण 10 जूनपर्यंत जमा झालेले लाभांश आणि बँकेतली शिल्लक मात्र तिघांची. बाबांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज बाकी होतं का, तेही बघा. ते एकूण रकमेतून आधी वजा होतं.

आता वावर. रेडीरेकनर हा मुद्रांक शुल्क किती घ्यायचं हे ठरवण्यासाठी आहे. गावनिहाय, जिरायत-बागायत आणि आकारणीच्या गटांनुसार हेक्टरी दर त्यात असतो. तुमच्या वावरात विहीर आहे की नाही, ते रस्त्याला लागून आहे की तीन धुरे ओलांडून जावं लागतं, पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिरतं का, हे त्या तक्त्याला माहीत नसतं. शिवाय 1 एप्रिल 2022 ला दर वाढले, नंतर 2023 आणि 2024 मध्ये ते तसेच ठेवले आणि थेट एप्रिल 2025 मध्ये पुन्हा वाढवले. सोनं जिथे रोजच्या बाजारभावाने मोजायचं, तिथे वावर तीन-तीन वर्षं न हलणाऱ्या दराने मोजणं म्हणजे दोन वेगळी मापं लावणं होईल.

खरा भाव काढायचा तर त्याच गावातले किंवा शिवेला लागून असलेले, 2021 च्या अखेरीपासून 2023 च्या सुरुवातीपर्यंतचे खरेदीखताचे व्यवहार शोधा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक टाकून सूची दोन बघता येते. नाहीतर दुय्यम निबंधक कार्यालयातून तिची नक्कल घ्या. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. तिथला बाजारभाव म्हणजे रेडीरेकनरने काढलेली सरकारी किंमत. दोन्ही सारखेच असतील, तर समजा की कागदावर फक्त सरकारी दर दाखवलाय आणि खरी रक्कम वेगळी होती. असा व्यवहार पुरावा म्हणून घेऊ नका. ज्यात मोबदला बाजारभावापेक्षा स्पष्ट जास्त आहे, किंवा खरेदी करणाऱ्याने बँकेचं कर्ज काढलंय, ते व्यवहार विश्वासाचे. असे दोन-तीन सापडले की पुरे. मग तुमच्या वावराशी ताळा करा : विहीर, मोटर, वीजजोडणी, रस्ता, मातीची खोली. धुऱ्यावर सागाची झाडं असतील तर तीही मोजा. बरडाला काळ्या जमिनीचा दर लावू नका आणि काळ्या जमिनीला बरडाचा.

समजा यातून असं निघालं की त्या वेळी ओलिताची काळी एकरी 8 लाख आणि कोरडवाहू बरड एकरी 4 लाख. म्हणजे तुमच्या वाट्याची किंमत 16 आणि 8 मिळून 24 लाख. सोनं 7.67 लाख, आणि शेअर टाटा स्टीलचे 2 लाख धरून एकूण 6.33 लाख मानू. बेरीज 38 लाख. प्रत्येकाचा वाटा 12 लाख 67 हजार. तुमच्याकडे 24 लाखांचं आहे, म्हणून तुम्ही 11 लाख 33 हजार द्यायचे : बहिणीला 5 लाख, भावाला 6 लाख 33 हजार.

यातला फक्त सोन्याचा आकडा तुमच्या म्हणण्याप्रमाणे दुप्पट करून पाहा. बेरीज 45.67 लाख, वाटा 15.22 लाख, तुमचं देणं 8.78 लाख. म्हणजे तारखेच्या भांडणातून तुमचे अडीच लाख वाचतात. आता तारीख बारा जूनच ठेवा, पण वावर रेडीरेकनरने, समजा 12 लाखांचं धरा. बेरीज 26 लाख, वाटा 8.67, तुमचं देणं फक्त 3 लाख 33 हजार. आठ लाखांचा फरक! बहीण सोन्याच्या तारखेवर अडून बसली आणि वावराच्या दरावर तिने मान डोलावली, तर नुकसान तिचं होईल, आणि ते तिच्या लक्षातही यायचं नाही. तुम्ही मोठे आहात, वावर तुमच्याकडे आहे, गावातला खरा भाव तुम्हालाच सगळ्यात जास्त ठाऊक आहे. म्हणून हा आकडा तुम्ही एकट्याने ठरवू नका. दोघांना सूची दोनच्या नकला दाखवा. तरीही जमत नसेल तर सरकारमान्य मूल्यांककाकडून 12 जून 2022 या तारखेचा अहवाल मागवा. तारीख त्याला लेखी सांगा, नाहीतर तो आजचाच भाव काढून देईल.

जुन्या भावाचा आग्रह धरला की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. ही 11.33 लाखांची रक्कम तुम्ही 2022 मध्ये द्यायची होती, ती अजून तुमच्याकडेच आहे. तिच्यावर व्याज द्यायला हवं. सरळ व्याज, बँकेच्या ठेवीएवढा दर, समजा सहा टक्के, म्हणजे वर्षाला 68 हजार. हे न देता 2022 च्या भावाने आज चुकतं केलं, तर बहिणीला तारीख मिळाली पण पैसे कमी पडले, असं होईल.

एवढी रोख रक्कम शेतकऱ्याच्या घरात नसते, हे मला कळतं. बरडातला एक एकर बहिणीला आणि एक एकर भावाला दिला तर प्रत्येकी 4 लाख तिथेच फिटतात. मग बहिणीला एक लाख आणि भावाला 2 लाख 33 हजार एवढंच उरतं. व्याजही तेवढ्यावरच. पण दिलेल्या त्या दोन एकरांचं उत्पन्न इतकी वर्षं तुम्ही घेतलं, म्हणून गावात चालतो त्या दराने त्यांचा मक्ता हिशेबात धरा. त्यांना वाहायचं नसेल तर पुढेही तुम्हीच मक्त्याने करू शकता.

कराबद्दल थोडक्यात. आपल्याकडे 1985 पासून वारसा कर नाही, त्यामुळे मृत्यूच्या दिवसाची ही किंमत फक्त तुमच्या आपसातल्या हिशेबासाठी. आयकर खातं ती बघत नाही. भावाने शेअर विकले तर नफा बाबांच्या खरेदी किमतीवरून मोजला जाईल (शेअर जुने असतील तर 31 जानेवारी 2018 च्या भावाची सवलत बघावी), आणि बहिणीने सोनं विकलं तर आईच्या खरेदीवरून किंवा 1 एप्रिल 2001 च्या किमतीवरून. खेड्यातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर मात्र हा कर लागत नाही. विकायचा विचार आजच पक्का असेल तर तो कर वाट्यातून वजा करण्याबद्दल तिघांनी बोलावं. ठेवायचंच असेल तर मी धरणार नाही.

कागद करताना एक सांभाळा. बहीण-भावाकडून फुकटचं हक्कसोडपत्र घेऊन पैसे बाजूने देऊ नका. पैसे घेऊन सोडलेल्या हक्कावर मुद्रांक शुल्क वेगळं लागतं, आणि खरं काय घडलं ते कागदावर येत नाही. त्यापेक्षा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. त्यात 2022 ची तोंडी वाटणी, 12 जून ही मूल्यांकनाची तारीख, सराफाची वजनपावती, भावपत्रकाची प्रत, सूची दोनचे क्रमांक आणि फरकाच्या रकमा, सगळं लिहा. फरकाची रक्कम आधी बँकेतून त्यांच्या खात्यात टाका, व्यवहाराचा क्रमांक वाटणीपत्रात घाला, आणि मगच फेरफाराला अर्ज करा.